टाइमग्राफरची पट्टी कशी वाचायची: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घड्याळ दुरुस्तीला दिलं की हल्ली बऱ्याच ठिकाणी परत देताना टाइमग्राफरची, म्हणजे घड्याळाची चाल मोजणाऱ्या यंत्राची, छापील पट्टी किंवा स्क्रीनचा फोटो मिळतो. त्यावर तीन आकडे असतात, शिवाय ठिपक्यांची एक-दोन रेषा. बहुतेक लोक ‘दिवसाला किती सेकंद’ एवढंच बघतात आणि पट्टी खिशात टाकतात. माझ्या मते ते बघायचं सगळ्यात शेवटी. का, ते पुढच्या उत्तरांमधून कळेल.

पट्टीवरचे तीन आकडे नेमकं काय सांगतात?

पहिला रेट. ज्या क्षणी मोजलं त्या क्षणाच्या चालीने घड्याळ दिवसभर चाललं, तर किती सेकंद पुढे जाईल (+) किंवा मागे पडेल (−), हा त्याचा अर्थ. दुसरा अ‍ॅम्प्लिट्यूड: बॅलन्स व्हील, म्हणजे घड्याळाचा ताल धरणारं झुलतं चाक, मधल्या स्थिर जागेपासून एका बाजूला किती अंश फिरतं. तिसरा बीट एरर: ‘टिक’ आणि ‘टॉक’ सारख्या अंतराने पडताहेत की एक लांब, एक आखूड, याचं मिलिसेकंदातलं माप. शेजारी 28800, 21600 किंवा 18000 असा चौथा आकडा दिसतो, तो तासाभरातले ठोके. तो घड्याळाच्या मशीनशी जुळत नसेल तर पुढचं काहीच वाचू नका. आधी टाइमग्राफरवर ठोके हाताने सेट करून पुन्हा मोजा.

टाइमग्राफर हे सगळं मोजतो कसं? घड्याळ तर उघडलेलंही नसतं.

तो फक्त ऐकतो. घड्याळ ज्या पकडीत बसवतात तिच्यात संवेदनशील मायक्रोफोन असतो. आपल्या कानाला एक ‘टिक’ ऐकू येते, पण तिच्यात तीन वेगळे आवाज दडलेले असतात. पहिला आवाज बॅलन्सवरचा छोटा खडा पॅलेट फोर्क या छोट्या काट्याच्या खाचेत शिरून आदळतो त्याचा. दुसरा, सुटलेल्या एस्केप व्हीलचा, म्हणजे फोर्क एकेक दात करून सोडतो त्या चाकाचा, दात पॅलेटच्या खड्यावर येऊन त्याला ढकलतो तेव्हाचा. तिसरा सगळ्यात मोठा: पुढचा दात दुसऱ्या खड्यावर पडून अडकतो आणि फोर्क आपल्या भिंतीला टेकतो, तेव्हाचा.

रेट काढायला एका ठोक्यापासून दुसऱ्या ठोक्यापर्यंतचा वेळ पुरतो, पण तो फार बारकाईने मोजावा लागतो. २८,८०० ठोक्यांच्या घड्याळात एक ठोका १२५ मिलिसेकंदांचा. दिवसाला एक सेकंद फरक म्हणजे प्रत्येक ठोक्यात साधारण दीड मायक्रोसेकंदाचा फरक. म्हणून एका ठोक्यावरून काही कळत नाही. टाइमग्राफर काही सेकंदांची सरासरी घेतो, आणि घड्याळाची बाजू बदलली की आकडा स्थिरावायला अर्धा-एक मिनिट तरी द्यावं लागतं. बाजू बदलल्या बदलल्या छापलेली पट्टी कामाची नाही.

अ‍ॅम्प्लिट्यूड आवाजावरून कसा कळतो?

पहिल्या आणि तिसऱ्या आवाजाच्या मधल्या वेळात बॅलन्स एक ठरावीक कोन पार करतो. त्याला लिफ्ट अँगल म्हणतात, आणि तो त्या मशीनच्या रचनेने ठरलेला असतो. बॅलन्स जोरात झुलत असेल तर हा कोन झटकन पार होतो, मंद असेल तर वेळ लागतो. गणित असं:

```
A = λ / (2 · sin(π · t / T))
```

यात `λ` म्हणजे लिफ्ट अँगल, `t` म्हणजे पहिल्या ते तिसऱ्या आवाजातला वेळ आणि `T` म्हणजे पूर्ण झोक्याचा, अर्थात दोन ठोक्यांचा वेळ. लिफ्ट अँगल ५० अंश आणि ठोके २८,८०० धरले, तर २७० अंश अ‍ॅम्प्लिट्यूडला हा वेळ साधारण ७.४ मिलिसेकंद येतो. २०८ अंशाला तो ९.६ पर्यंत वाढतो. म्हणजे टाइमग्राफर अ‍ॅम्प्लिट्यूड ‘बघत’ नाही, वेळेवरून हिशोब करून काढतो. हिशोबात चुकीचा लिफ्ट अँगल घातला तर उत्तरही चुकीचंच येणार.

लिफ्ट अँगल चुकीचा असेल तर आकडा किती बिघडतो?

सरळ त्याच प्रमाणात. बऱ्याच टाइमग्राफरवर सुरुवातीला ५२ अंश ठेवलेले असतात आणि अनेक जण ते कधीच बदलत नाहीत. ईटीए २८२४-२ चा लिफ्ट अँगल ५० अंश, सेइकोच्या एनएच३५ चा ५३. इथे ५२ राहिले तरी फार बिघडत नाही. पण युनिटास ६४९७ सारख्या मोठ्या मशीनचा ४४ आहे. तिथे ५२ ठेवून ३०० दिसले तर खरे अंश ३०० गुणिले ४४ भागिले ५२, म्हणजे साधारण २५४. तीनशे वाचून खूश झालेल्या माणसाचं मशीन खरं तर जेमतेम ठीक असतं. ओमेगाच्या को-अ‍ॅक्सियल मशीनचा लिफ्ट अँगल ३८ च्या आसपास असतो, आणि तिथे एस्केपमेंटच, म्हणजे एस्केप व्हील आणि फोर्कची जोडणीच, वेगळी असल्यामुळे आवाजांची रचनाही वेगळी असते.

रेट आणि बीट एररवर लिफ्ट अँगलचा काही परिणाम होत नाही. पट्टीवर लिफ्ट अँगल छापलेला नसेल तर दुरुस्ती करणाऱ्याला तेवढं जरूर विचारा.

अ‍ॅम्प्लिट्यूड किती असला म्हणजे चांगला?

पूर्ण चावी दिलेली, डायल वर किंवा खाली, तर आधुनिक घड्याळात साधारण २७० ते ३१०. घड्याळ उभं केलं की तो उतरतोच, कारण आडव्या घड्याळात बॅलन्सचा पिव्हट, म्हणजे आसाचा बारीक शेवट, टोकावर टेकून फिरतो आणि उभ्यात त्याची कड खड्यात घासते. वीस-चाळीस अंशांची उतार नेहमीची. चोवीस तासांनंतरही उभ्या बाजूंना २०० च्या आसपास राहिला तर मशीन तंदुरुस्त समजायला हरकत नाही. जुन्या १८,००० ठोक्यांच्या घड्याळांकडून एवढी अपेक्षा धरू नये. तिथे आडवे अडीचशे मिळाले तरी मी समाधानी असतो.

जास्त म्हणजे चांगलं असंही नाही. ३२०-३३० च्या वर गेल्यावर बॅलन्स पूर्ण फेरी मारून फोर्कला बाहेरच्या बाजूने धडकू शकतो. मग घड्याळ अचानक भरमसाट पुढे जायला लागतं आणि रेषेचे तुकडे होतात.

अ‍ॅम्प्लिट्यूड कधी १३५, कधी ३४० दाखवतो. घड्याळ बिघडलंय का?

बहुधा नाही. टाइमग्राफरला पहिला, बारीक आवाज नीट पकडता येत नाहीये. तो कधी दुसऱ्या आवाजाला पहिला समजतो, कधी बाहेरच्या खरखरीला. घड्याळ पकडीत घट्ट बसलंय का बघा, केस किंवा क्राउन मायक्रोफोनच्या बाजूला टेकू द्या, आवाजाची पातळी बदलून बघा. शंका उरली तर डोळ्यांनी खात्री करता येते: फोनवर स्लो मोशनमध्ये बॅलन्सचं चित्रण करा आणि त्याची दांडी स्थिर जागेपासून किती वळते ते फ्रेम थांबवून बघा. २७० अंश म्हणजे एका बाजूला पाऊण फेरी.

बीट एरर म्हणजे रेट चुकलाय असं समजायचं का?

नाही. घड्याळ दिवसभर अगदी बरोबर वेळ दाखवत असतं आणि तरी बीट एरर दोन मिलिसेकंद असू शकतो. टिक जेवढी लांबली तेवढीच टॉक आखूड झाली तर बेरीज तीच राहते.

कारण एकच: हेअरस्प्रिंग, म्हणजे बॅलन्सला मागे-पुढे झुलवणारी बारीक स्प्रिंग, पूर्ण सैल असताना बॅलन्सवरचा खडा बरोबर मधोमध उभा राहायला हवा. तो थोडा बाजूला राहत असेल तर बॅलन्सचा एकीकडचा प्रवास लांब पडतो आणि दुसरीकडचा आखूड. याचा त्रास मुख्यतः दोन ठिकाणी जाणवतो. थांबलेलं घड्याळ चावी दिल्यावर आपणहून चालू होत नाही, हलवावं लागतं. शिवाय चावी उतरत आली की मशीन लवकर बंद पडतं.

०.५ च्या आत असेल तर उत्तम, १ मिलिसेकंदाच्या आत असेल तर चालेल. हेअरस्प्रिंगचा बाहेरचा टोक धरणारा तुकडा, म्हणजे स्टड, सरकवण्याची सोय असलेल्या मशीनमध्ये हा दोष काही मिनिटांत निघतो. जुन्या मशीनमध्ये स्टड पक्का बसवलेला असतो. तिथे बॅलन्स बाहेर काढून हेअरस्प्रिंगचा मधला कॉलेट किंचित फिरवावा लागतो, आणि त्यात स्प्रिंग वाकडी होण्याचा धोका असतो. दीड मिलिसेकंदासाठी पन्नास वर्षांची हेअरस्प्रिंग पणाला लावू नका. निदान मी तरी लावत नाही.

सरकवताना एक गोष्ट लक्षात असू द्या. बहुतेक टाइमग्राफर बीट एररला + किंवा − लावत नाहीत. आकडा उतरत शून्याकडे जातो आणि तसंच पुढे सरकवत राहिलं तर पुन्हा वाढायला लागतो. दिशा रेषांवरून ओळखायची: दोन्ही रेषा जवळ येत असतील तर बरोबर चाललंय.

रेषांचं काय? त्या कशा वाचायच्या?

प्रत्येक ठोक्याचा एक ठिपका. एक रेष टिकची, एक टॉकची. दोन्ही एकमेकींवर बसल्या तर बीट एरर शून्याजवळ, समांतर पण दूर असल्या तर बीट एरर आहे. स्क्रीनवर रेष डावीकडून उजवीकडे जाताना वर चढत असेल तर घड्याळ पुढे जातंय, उतरत असेल तर मागे पडतंय. कागदी पट्टीवर छपाईच्या दिशेनुसार हे बदलतं, म्हणून आधी पट्टीवर + चं चिन्ह कुठल्या बाजूला आहे ते शोधा. रेष कडेला पोहोचली की दुसऱ्या कडेने पुन्हा सुरू होते. तो बिघाड नव्हे, तिथे कागद संपतो एवढंच.

खरी गंमत रेषेच्या आकारात आहे. सरळ, बारीक रेष म्हणजे मशीन स्वच्छ. ठिपके बर्फासारखे विखुरलेले दिसत असतील तर एस्केपमेंटमध्ये घाण असते, तेल वाळलेलं असतं किंवा मायक्रोफोन भलताच आवाज पकडत असतो.

रेष लाटेसारखी वर-खाली होत असेल तर दुसऱ्या घड्याळावर लाटेचा वेळ मोजा. बऱ्याच आधुनिक मशीनमध्ये एस्केप व्हीलला २० दात असतात. एक दात म्हणजे दोन ठोके, तेव्हा पूर्ण फेरीला ४० ठोके, आणि सेकंदाला ८ ठोके असताना ही फेरी ५ सेकंदांत होते. जुन्या १५ दातांच्या, १८,००० ठोक्यांच्या मशीनमध्ये तीच फेरी ६ सेकंदांची. लाट याच अंतराने परत येत असेल तर संशय एस्केप व्हीलवर: एखादा दात मळलेला किंवा चाक किंचित वाकडं. लाट दर मिनिटाला येत असेल तर सेकंदकाट्याच्या चाकाकडे बघा. केस न उघडता एवढं कळतं, म्हणून मी आकड्यांच्या आधी रेष बघतो.

पट्टीवर CH, CB, 3H असं लिहिलेलं असतं. ते काय?

मोजताना घड्याळ कुठल्या बाजूने धरलं होतं, ते. CH म्हणजे डायल वर, CB म्हणजे डायल खाली. 3H, 6H, 9H म्हणजे घड्याळ उभं करून तो आकडा वरच्या बाजूला. क्राउन तीनच्या जागी असेल तर 3H ला क्राउन वर, 9H ला खाली आणि 6H ला डावीकडे येतो. स्वित्झर्लंडच्या सीओएससी या घड्याळांची अचूकता तपासणाऱ्या संस्थेच्या प्रमाणपत्रासाठी याच पाच बाजूंना मशीन १५ दिवस तपासतात, आणि २० मिलिमीटरपेक्षा मोठ्या मशीनचा सरासरी दैनिक रेट −४ ते +६ सेकंदांच्या आत असावा लागतो. पट्टीवर एकाच बाजूचा आकडा असेल तर त्यावरून निष्कर्ष काढू नका.

एखादी पूर्ण पट्टी वाचून दाखवाल का?

दाखवतो. आपलं घड्याळ दिवसाला सहा-सात सेकंद मागे पडतंय, ‘जरा रेट पुढे करून द्या’ अशी मालकाची तक्रार आहे असं समजा. मशीन ईटीए २८२४-२, लिफ्ट अँगल ५०, पूर्ण चावी दिली आणि अर्धा तास थांबून मोजलं.

```
CH    +4 s/d   264°   0.2 ms
CB    +2 s/d   259°   0.2 ms
3H   -13 s/d   208°   0.3 ms
9H    -9 s/d   212°   0.3 ms
6H   -15 s/d   205°   0.3 ms
```

पाच रेटची सरासरी −६.२. म्हणजे मालकाची तक्रार अगदी खरी. फक्त रेट बघणारा माणूस रेग्युलेटर, म्हणजे चाल कमी-जास्त करणारी काडी, आठ सेकंद पुढे करेल आणि घड्याळ परत देईल. पण अ‍ॅम्प्लिट्यूडचा स्तंभ वाचा. आडवा साधारण २६१, उभा २०८. फरक ५३ अंश, नेहमीपेक्षा बराच जास्त. बीट एरर ठीक आहे, म्हणजे तिथे काही करायचं नाही. डायल वर आणि डायल खाली यांचे आकडे जवळजवळ सारखे, म्हणजे पिव्हटचं एकच टोक खराब झालंय अशातला भाग नाही. उभं केल्यावर सगळ्या बाजूंना सारखीच घसरण, म्हणजे पिव्हटच्या कडा खड्यांमध्ये कोरड्या घासताहेत.

आता तेच घड्याळ चोवीस तास चावी न देता ठेवून पुन्हा मोजलं.

```
CH    -3 s/d   221°   0.3 ms
6H   -31 s/d   158°   0.4 ms
```

इथे शंका संपते. लीव्हर एस्केपमेंटमध्ये बॅलन्सला अनलॉक करताना अडथळा होतो आणि ढकल मिळते ती थोडी उशिरा, मधोमधाच्या पुढे. दोन्हींमुळे घड्याळ मागे पडतं, आणि झोका जितका लहान तितका हा परिणाम मोठा. इथे रेट बिघडला तो अ‍ॅम्प्लिट्यूड उतरल्यामुळे. रेग्युलेटर आपल्या जागी बरोबर आहे. औषध एकच: मशीन पूर्ण उघडून धुणं, पिव्हट तपासणं, नवीन तेल आणि बहुधा नवीन मेनस्प्रिंग, म्हणजे चावी साठवणारी स्प्रिंग.

सर्व्हिसिंगनंतरची पट्टी अशी येते:

```
CH   +11 s/d   293°   0.2 ms
CB    +9 s/d   290°   0.2 ms
3H    +5 s/d   259°   0.2 ms
9H    +7 s/d   262°   0.2 ms
6H    +4 s/d   257°   0.3 ms
```

रेग्युलेटरला हातही लावला नाही, तरी सरासरी −६.२ वरून +७.२ वर आली. सगळ्यात पुढचा आणि सगळ्यात मागचा रेट यांतलं अंतर १९ सेकंदांवरून ७ वर आलं. आता चार सेकंद मागे करायचे की काम संपलं: सरासरी +३ च्या आसपास, उभ्या बाजूंना शून्य ते तीन. सर्व्हिसिंगच्या आधी कुणी आठ सेकंद पुढे केले असते, तर आज हेच घड्याळ पंधरा सेकंद पुढे जात असतं.

मग रेग्युलेटर कधी हलवायचा?

अ‍ॅम्प्लिट्यूड चांगला, रेष स्वच्छ, बीट एरर आटोक्यात आणि सगळ्या बाजूंचे रेट एकमेकांच्या जवळ पण एकाच बाजूला सरकलेले असतील तेव्हा. आधी बीट एरर, नंतर रेट, हा क्रम पाळा. स्टड हलवला की रेट बदलतो, त्यामुळे उलट क्रमाने गेलात तर काम दोनदा करावं लागेल. रेग्युलेटरची काडी आणि स्टडची काडी शेजारी शेजारी असतात. एक हलवताना दुसरी ओढली जातेच, म्हणून प्रत्येक ढकलीनंतर दोन्ही आकडे बघा.

आडवे आकडे छान, पण उभ्या बाजूंमध्ये एक वीस पुढे आणि समोरची वीस मागे. हे काय?

बॅलन्सच्या कडेला एका बाजूला वजन किंचित जास्त आहे. आडव्यात ते दिसत नाही, उभ्यात दिसतं. याची एक विचित्र खोड आहे: अ‍ॅम्प्लिट्यूड २२० अंशांच्या आसपास असताना या जास्त वजनाचा रेटवर जवळजवळ काहीच परिणाम होत नाही. त्याखाली जड बाजू तळाला असलेल्या स्थितीत घड्याळ पुढे जातं, आणि २२० च्या वर तेच उलटं होऊन मागे पडतं. म्हणून पूर्ण चावीला मोजून जड जागा ठरवली आणि नंतर कमी चावीला मोजली, तर दोन्ही वेळा नेमकी समोरासमोरची उत्तरं येतात. ठरवायचं असेल तर चावी उतरवून, दीडशे-एकशे साठ अंशांना मोजा, म्हणजे दिशा निःसंशय राहते. पण बॅलन्समधून धातू काढायचं काम घरी करू नका. काढलेला धातू परत लावता येत नाही.

काल बरोबर होतं, आज दिवसाला दोन मिनिटं पुढे.

आधी चुंबकाचा संशय घ्या. हेअरस्प्रिंगच्या वेटोळ्या एकमेकींना चिकटल्या की स्प्रिंग आखूड असल्यासारखी वागते आणि घड्याळ भरधाव पळतं. पट्टीवर रेट मोठा +, अ‍ॅम्प्लिट्यूड बहुधा उतरलेला आणि रेष ओबडधोबड. होकायंत्र घड्याळाजवळ न्या. सुई बॅलन्सच्या बाजूला ओढली गेली तर डीमॅग्नेटायझरवरून फिरवून पुन्हा मोजा. तरीही फरक पडला नाही तर केस उघडून स्प्रिंगवर तेल किंवा धूळ आली आहे का ते भिंगातून बघावं लागेल.

टाइमग्राफरवर +३ दाखवतं, हातावर मात्र दिवसाला −२ होतं. कुणावर विश्वास ठेवायचा?

दोघांवर. टाइमग्राफर एका बाजूची एका मिनिटाची चाल सांगतो, मनगटावर दिवसभर बाजू बदलत असतात, चावी चढत-उतरत असते, रात्री घड्याळ टेबलावर असतं. उपयोग असा करा: रात्री मागे पडायचं असेल तर ज्या बाजूला तुमच्या पट्टीवर सगळ्यात कमी रेट आहे त्या बाजूने ठेवा, पुढे जायचं असेल तर सगळ्यात जास्त रेटच्या बाजूने. वरच्या उदाहरणात ती डायल वर. तरीही रोजचा फरक पट्टीवरच्या सगळ्यात मागच्या रेटपेक्षाही जास्त मागे जात असेल, तर दिवसभरात पुरेशी चावी भरत नाहीये. ऑटोमॅटिक असेल तर रोटरचं वाइंडिंग तपासून घ्या.